प्लग तापतो, चार्जिंग अडतं आणि बिल वाढतं: स्कूटर घरी चार्ज करताना

«नमस्कार सर. मी जुळे सोलापुरात राहते, नोकरी अक्कलकोट रोडला कुंभारीजवळ. रोजचं जाऊन-येऊन तीस किलोमीटर होतं. मार्चअखेर इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. बॅटरी ३ किलोवॅट-तासाची आहे, ती बाहेर निघत नाही. पोर्चमध्ये पॉइंट नाही, म्हणून हॉलमधून खिडकीतून एक्स्टेन्शन आणते आणि रात्री दहाला लावून सकाळी काढते. चार्जरचा प्लग जाड पिनांचा आहे, त्याला कन्व्हर्टर लावलाय. गेल्या आठवड्यात तो कन्व्हर्टर इतका तापला की हात लावता येईना, एका पिनेजवळ तपकिरी डागही पडलाय. कधी कधी चार्जरवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग थांबतं. शोरूममध्ये सांगितलं होतं की चार तासांत पंधरा रुपयांत फुल चार्ज. इथं सहा तास लागतात, आणि मार्चच्या बिलात १३८ युनिट होते ते मेच्या बिलात २३१ झाले. बिल बाराशेनं वाढलं. मिस्टर म्हणतात, स्कूटरनंच खाल्लं. वायरमन म्हणतो, सोळा अँपिअरचं सॉकेट बसवा, झालं. नेमकं काय करू? रात्री वीज स्वस्त असते का? दोन्ही बिलांचे फोटो जोडलेत.»

ताई, तो कन्व्हर्टर आणि ते एक्स्टेन्शन आजच बाजूला काढा. डाग घासून, पिना पुसून पुन्हा लावायचं नाही, आणि दुसरा नवा कन्व्हर्टर आणून त्याच जागी बसवायचाही नाही. बिलाचं आणि वेळेचं आपण निवांत बघू, त्यांची घाई नाही.

आता तो तापला का, ते बघू. चार्जरच्या पाठीवर एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. तुमच्यासारख्या स्कूटरच्या चार्जरवर ६५० ते ९५० च्या दरम्यानचा आकडा सापडतो. आपण ७५० धरू. त्याला २३० व्होल्टनं भागलं की सव्वातीन अँपिअर येतात. म्हणजे कागदावर बघायला गेलं तर सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटलासुद्धा हे ओझं जड नाही. तुमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर एवढीच वीज घेतो आणि त्याचं सॉकेट वर्षानुवर्षं टिकतं. फरक एवढाच की मिक्सर पाच मिनिटं चालतो आणि चार्जर तासन् तास.

सॉकेटच्या आत पितळी पट्ट्या असतात. त्या पिनेला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. पकड घट्ट असेल तर तिथं वीज जाताना अडथळा जवळपास नसतोच. पण पट्टी ढिली झाली की पिनेला ती एखाद्या टोकावरच टेकते. त्या टेकण्याच्या जागी समजा अर्धा ओहम रोध तयार झाला, तर सव्वातीन अँपिअरला तिथं पाच वॅटच्या वर उष्णता निघते. पाच वॅट ऐकायला काहीच नाही, पण ती शेंगदाण्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या पोटात, रात्रभर निघत राहते. पितळ तापलं की त्याचा ताण आणखी जातो, वर काळपट थर चढतो, रोध वाढतो आणि उष्णता अजून वाढते. एकदा हे चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही. तुमचा कन्व्हर्टर या वाटेवर बराच पुढे गेलेला आहे.

इथं एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हे सगळं होत असताना एमसीबी पडत नाही. एमसीबी बघतो जादा अँपिअर, आणि इथं अँपिअर तर नेहमीचेच आहेत. आरसीसीबीसुद्धा पडत नाही, कारण वीज जमिनीत गळत नाहीये. म्हणून «आमच्याकडे सगळे ब्रेकर आहेत, काही होत नाही» या भरवशावर तापलेला प्लग चालू ठेवू नये. इथं राखणदार तुमचा हातच आहे.

डाग एकाच पिनेजवळ आहे हेही उपयोगी आहे. एकाच पिनेपाशी रंग बदलतो तेव्हा त्या पिनेची पकड ढिली असते. फेज आणि न्यूट्रलच्या दोन्ही पिना सारख्याच गरम आणि सोबत वायरही हाताला कोमट लागत असेल, तर वायर बारीक आहे. बाजारातल्या स्वस्त एक्स्टेन्शनची वायर आधीच बारीक असते, त्यात उरलेली वायर आपण गुंडाळी करून टाइल्सवर ठेवतो. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. आणि तुमच्या साखळीत सांधे किती झाले ते बघा. भिंतीतलं सॉकेट, एक्स्टेन्शनचा प्लग, एक्स्टेन्शनचं सॉकेट, त्यात कन्व्हर्टर, कन्व्हर्टरमध्ये चार्जरचा प्लग. प्रत्येक सांधा ढिला पडू शकतो. शिवाय खिडकीच्या फटीत वायर दाबली जाते, ते वेगळंच.

तुमचा वायरमन चुकीचं सांगत नाहीये, अर्धं सांगतोय. सोळा अँपिअरचं सॉकेट हवंच, कारण त्याच्या पट्ट्या जाड असतात, पकड दमदार असते आणि चार्जरचा प्लग कन्व्हर्टरशिवाय थेट बसतो. पण हॉलच्या दिव्या-पंख्यांच्या जुन्या एक एमएम वायरीवर वरची प्लेट बदलून सोळाचं सॉकेट ठोकलं, तर बाहेरून सगळं झकास दिसतं आणि आत वायर तीच राहते. उद्या त्याच सॉकेटवर कुणी इस्त्री आणि हीटर एकदम लावला तर ती वायर भिंतीत भाजेल. म्हणून त्याला सांगा की डीबीपासून, म्हणजे घरातल्या ब्रेकरच्या पेटीपासून, पोर्चपर्यंत स्वतंत्र लाइन ओढायची. फेज, न्यूट्रल आणि अर्थ, तिन्ही तांब्याच्या अडीच एमएमच्या. मध्ये कुठेही जोड नको. डीबीत या लाइनला वेगळा सोळा अँपिअरचा एमसीबी, आणि घराला तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तोही याच वेळी बसवून घ्या. पोर्चमध्ये पाण्याची टाकी आणि नळ असतोच. पाणी आलं त्या दिवशी टाकी भरणं, गाडी धुणं, अंगण धुणं एकदमच चालतं. सॉकेट नळापासून लांब, कमरेच्या वर, झाकणाच्या बॉक्समध्ये आणि पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा भिंतीवर घ्या. सॉकेटला स्वतःचा स्विच हवा, म्हणजे प्लग घालताना-काढताना आधी तो बंद करता येतो. चालू प्लग ओढला की ठिणगी पडते आणि पट्टी थोडी थोडी जळत जाते.

घरात इन्व्हर्टर असेल तर ही लाइन इन्व्हर्टरच्या बाजूला जोडू देऊ नका. १५० एएच आणि बारा व्होल्टच्या बॅटरीत सगळं मिळून पावणेदोन युनिट असतात. लाइट गेल्यावर स्कूटरनं ती ओढायला सुरुवात केली तर पंखे मध्यरात्रीच बंद पडतील.

बिलावर «मंजूर भार» अशी एक ओळ असते, तीही बघा. तिथं एक किलोवॅटच लिहिलेलं असेल आणि घरात गीझर, इस्त्री, कूलर हे सगळं चालत असेल, तर महावितरणकडे भार वाढवून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. दोन-तीन किलोवॅट असेल तर पाऊण किलोवॅटच्या चार्जरसाठी काही करावं लागत नाही. वेगळं मीटर किंवा वेगळं कनेक्शन तर अजिबात लागत नाही. स्वतःची गाडी स्वतःच्या घरी चार्ज केली की दर घरगुतीच लागतो.

आता लाल दिवा. नेमका अर्थ मॅन्युअलमधल्या तक्त्यात मिळेल, पण तो केव्हा लागतो त्यावरूनही बराच अंदाज येतो. प्लग लावल्या लावल्या लागत असेल तर संशय अर्थिंगवर. कामावरून उन्हातून आल्या आल्या लावल्यावर लागत असेल तर बॅटरी तापलेली आहे. रात्री आठ-नऊच्या सुमारास, सगळ्या कॉलनीचे कूलर चालू असताना लागत असेल तर व्होल्टेज उतरलं असण्याची शक्यता जास्त. तुम्ही वेळ लिहिली नाहीत, म्हणून तिन्ही सांगतो. पण सोलापुरातली घरं बघता पहिल्याकडे मी जास्त लक्ष देईन.

पूर्वी आपल्याकडे अर्थची वायर सरळ नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळून टाकायची पद्धत होती. पाइप जमिनीत जायचा, काम भागायचं. पुढे दुरुस्तीत लोखंडी पाइप निघाले, पीव्हीसीचे आले, आणि वायर मात्र तिथंच राहिली. ती आता प्लॅस्टिकला गुंडाळलेली आहे. घरात तीन पिनांची सॉकेटं आहेत, तिसरं भोकही आहे, पण त्याच्यामागे जमीन नाही. फ्रिज, टीव्ही, मिक्सर तक्रार करत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. स्कूटरचे बरेच चार्जर मात्र आधी अर्थ तपासतात आणि तो सापडला नाही तर चार्जिंग सुरूच करत नाहीत.

स्वतंत्र खड्डा खणलेला असला तरी आपल्याकडे दुसरी अडचण असते. वर थोडी काळी माती किंवा मुरूम, खाली काळा दगड. मे महिन्यात खड्डा कोरडाठाक होतो आणि अर्थचा रोध वाढतो. मग पावसाळ्यात बिनतक्रार चालणारा चार्जर उन्हाळ्यात रुसतो. मीठ-कोळसा घालून केलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं असतं. सोलापुरात उन्हाळ्यात बादलीभर पाणी खड्ड्यात ओता म्हणणं म्हणजे जरा धाडसच आहे, पण भांडी विसळलेलं चालतं.

तपासणी वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः हात घालू नका. त्याला मल्टीमीटर घेऊन यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत. फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट चालतील, दहा-पंधरा किंवा जास्त आले तर काही तरी गडबड आहे. पण नुसत्या मीटरवर थांबू नका. मल्टीमीटर अगदी नावापुरतीच वीज घेतो, त्यामुळे कच्च्या अर्थलाही तो २२०-२३० दाखवून मोकळा होतो. जुने वायरमन शंभर वॅटचा पिवळा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून बघतात. बल्ब न्यूट्रलवर लागतो तसाच लख्ख लागला तर अर्थ निदान ओझं घेतोय. मिणमिणला तर खड्डा दुरुस्त करायची वेळ आली. घराला आरसीसीबी असेल तर बल्ब टेकवताच तो पडेल. तो पडला याचा अर्थ तो काम करतोय, मग अर्थची परीक्षा दुसऱ्या पद्धतीनं घ्यावी लागेल.

इथं एक इशारा देऊन ठेवतो, कारण हा जुगाड सर्रास होतो. चार्जर अर्थ मागतो म्हटल्यावर काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रलमधून छोटी वायर काढून अर्थच्या भोकाला जोडतात. लाल दिवा जातो, चार्जिंग सुरू होतं, गिऱ्हाईक खूश. पण कधी मागच्या बाजूला न्यूट्रल तुटला, तर तीच वायर फेज थेट स्कूटरच्या लोखंडी सांगाड्यावर आणून सोडते. ओल्या पोर्चमध्ये अनवाणी पायांनी कुणी हँडलला हात लावला तर काय होईल ते सांगायला नको. काम झाल्यावर सॉकेट बंद करण्याआधी आत डोकावून बघा. हिरवी वायर डीबीकडे जाताना दिसली पाहिजे, शेजारच्या काळ्या वायरीत शिरलेली नको.

लाइन झाली की पैसे देण्याआधी अजून एक चाचणी करायला लावा. चार्जर बंद असताना पोर्चच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा, मग चार्जर चालू करून पुन्हा मोजा. दहा मीटर अडीच एमएम तांब्यावर सव्वातीन अँपिअरला अर्धा व्होल्टही घटत नाही. २३१ चे २३० झाले तर काम चोख आहे. २३१ चे २२४ झाले तर डीबीवरही मोजायला सांगा. डीबीवर २३० आणि पोर्चमध्ये २२४ असेल तर मधल्या वाटेत, नाही तर एखाद्या स्क्रूखाली, ढिला सांधा आहे. तो आजच शोधायला लावा. पुढे तिथंच डाग पडणार असतो.

वेळेचं गणित सोपं आहे. एक किलोवॅट-तास म्हणजेच एक युनिट, म्हणून बॅटरीत ३ युनिट मावतात. पण भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत जात नाही. थोडी चार्जरमध्ये आणि थोडी बॅटरी भरताना उष्णता होऊन जाते. भिंतीतून १०० घेतले तर ८५-९० आत पोचतात. आपण ८७ धरू. म्हणजे रिकामी बॅटरी पूर्ण भरायला भिंतीतून सुमारे साडेतीन युनिट लागतात. पाऊण किलोवॅटच्या चार्जरनं ते द्यायला साडेचार तासांच्या वर लागतात, आणि शेवटच्या टप्प्यात चार्जर मुद्दाम हात आखडता घेतो. बॅटरीतल्या सेलचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकलं की तो अँपिअर कमी कमी करत जातो, नाही तर सेल खराब होतील. म्हणून ८० टक्क्यांपर्यंत पावणेचार-चार तासांत येतं आणि उरलेल्या २० टक्क्यांना दीड-दोन तास लागतात. शोरूमवाल्यानं तुम्हाला ८० टक्क्यांची वेळ सांगितली आणि «फुल» हा शब्द जोडला. तुमचे सहा तास बरोबर आहेत, स्कूटरमध्ये दोष नाही.

पण रोज तुम्हाला सहा तास कशाला हवेत? तीस किलोमीटरला बॅटरीतलं साधारण एक युनिट जातं, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. ते भरायला दीड तास, शेवट धरून दोन तास पुरतात. रात्री दहाला लावून सकाळपर्यंत ठेवायची गरजच उरत नाही. घरी आल्यावर तासभर गाडी सावलीत थंड होऊ द्या. बेचाळीस डिग्रीत पंधरा किलोमीटर चालवून आणलेली बॅटरी आतून चांगलीच तापलेली असते, तशी लावली की स्कूटरची यंत्रणा एक तर चार्जिंग मंद करते, नाही तर थांबवते. आठच्या सुमारास लावली की दहाला काढायची. या वेळात घरातले सगळे जागे असतात, कुणी ना कुणी पोर्चमध्ये जा-ये करत असतं, आणि प्लगला हात लावून बघता येतो. व्होल्टेज उतरल्यामुळे अडत असेल तर हीच वेळ साडेनऊ ते साडेअकरा करा. रोज ८०-९० टक्क्यांवर थांबलात तरी दुसऱ्या दिवसाला भरपूर उरतं. पूर्ण भरायचं कधी आणि किती दिवसांनी, ते तुमच्या मॅन्युअलमध्ये जसं दिलंय तसं करा, कारण बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे ते बदलतं.

आता बिल. मिस्टरांना हे वाचून दाखवलंत तरी चालेल.

घरगुती वीज टप्प्याटप्प्यानं महाग होते. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० अजून महाग, त्यापुढे सगळ्यात महाग. शंभर ओलांडले की सगळेच युनिट महाग दरानं लागतात अशी एक समजूत आहे, ती खरी नाही. फक्त वरचे युनिट वरच्या दरानं लागतात. पण स्कूटरचे युनिट नेहमी वरच पडतात. दिवे, पंखे, फ्रिज हे आधीपासूनच आहेत. तुमचे १३८ युनिट म्हणजे शंभराचा टप्पा आधीच संपलेला. त्यानंतर वाढलेलं प्रत्येक युनिट दुसऱ्या टप्प्यातलं. शोरूमवाल्यानं पंधरा रुपये काढले ते ३ युनिट गुणिले ५ रुपये असे. त्यानं चार्जिंगमधली घट धरली नाही आणि दर धरला तो पहिल्या टप्प्याचा.

दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार आणि वहन आकार मिळून आपण ११ रुपये धरू. दर बदलत असतात, तुम्ही स्वतःच्या बिलावर छापलेले आकडे घ्या. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे एक युनिट पावणेतेरा रुपयांना पडतं. मार्च ते मे फरक ९३ युनिटांचा. ९३ ला पावणेतेरानं गुणलं की जवळपास ११९० रुपये होतात. तुमचे बाराशे जुळले. स्थिर आकार बदललेला नाही, तो स्कूटरच्या खात्यावर टाकू नका.

पण ते ९३ युनिट सगळे स्कूटरचे आहेत का? तुम्ही पाठवलेल्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे आकडे आहेत. गेल्या मेमध्ये, स्कूटर नसताना, १९६ युनिट होते. यंदा २३१. म्हणजे फरक ३५. उरलेले ५८ युनिट उन्हाळ्याचे आहेत. २०० वॅटचा कूलर रात्रभर चालला की रोज दोन युनिट, महिन्याला साठ. मार्चच्या बिलाशी मेच्या बिलाची तुलना करून सोलापुरात कुणावरही आरोप सिद्ध करता येतो, म्हणून तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची.

दुसऱ्या बाजूनंही पडताळून बघू. पंचवीस दिवस तीस-तीस किलोमीटर म्हणजे ७५०, शिवाय बाजार, पाहुणे, रविवार धरून दीडशे. ९०० किलोमीटर. भिंतीतल्या एका युनिटमागे अशी स्कूटर अठ्ठावीस-एकोणतीस किलोमीटर जाते. म्हणजे ३१-३२ युनिट. बिलातून आले ३५, हिशेबातून आले ३२. हे जुळलं असं समजायला हरकत नाही. पैशात बोलायचं तर महिन्याला चारशे ते साडेचारशे, म्हणजे किलोमीटरमागे पन्नास पैशांच्या आत. रिकामी ते फुल एकदा भरली तर चव्वेचाळीस रुपयांच्या आसपास. पंधरा रुपये नाहीतच. पण लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीनं हेच ९०० किलोमीटर काढायला वीस लिटर लागले असते, आणि लिटर शंभराच्या वर आहे. पांढरा हत्ती शोधायचाच असेल तर कूलरकडे बघा म्हणावं.

पुढे घरात एसी आला आणि मेचं बिल तीनशे युनिटांवर गेलं, तर तेव्हा मात्र स्कूटरचे तेच ३२ युनिट तिसऱ्या टप्प्यात जातील आणि महाग पडतील. पावसाळ्यात, थंडीत घराचा वापर उतरला की पुन्हा खाली येतील. म्हणून «स्कूटरचं महिन्याचं बिल किती» याला बारा महिने एकच उत्तर नसतं.

रात्रीची वीज स्वस्त असते का, तर घरगुती ग्राहकाला नाही. उलट सवलत आहे ती दिवसाची. स्मार्ट मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे काही पैसे कमी होतात. पण त्या वेळात तुमची स्कूटर कुंभारीजवळ उभी असते, म्हणून तुम्हाला तिचा उपयोग सुट्टीच्या दिवशीच. महिन्याच्या बिलात त्यानं फार फरक पडणार नाही, त्यासाठी धावपळ करू नका.

हिशेबावर विश्वास बसत नसेल तर मीटरजवळ जाऊन पाच मिनिटांत स्वतः बघता येतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ 3200 imp/kWh असं काही तरी छापलेलं असतं. म्हणजे तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. दिवा लुकलुकायचा जवळपास थांबला पाहिजे. मग फक्त चार्जर चालू करा आणि घड्याळ लावून एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ७५० वॅटचा चार्जर असेल तर चाळीसच्या आसपास येतील. मीटरवर १६०० छापलेलं असेल तर वीस. याच्या बरेच वर आले तर घरात दुसरं काही तरी चालू राहिलंय, ते शोधा. आणि सगळं बंद केल्यावरही दिवा सपाट्यानं लुकलुकत असेल तर स्कूटर सोडा, आधी वायरिंगमधली गळती तपासून घ्या.

नवी लाइन होईपर्यंतचं काय, हे राहिलं. वॉशिंग मशीन किंवा गीझरसाठी दिलेलं सोळा अँपिअरचं एखादं सॉकेट तळमजल्यावर असेल आणि चार्जरची स्वतःची वायर तिथंपर्यंत पोचत असेल, तर तेवढे दिवस तिथं लावा. ते मशीन त्या वेळी बंद ठेवा. कन्व्हर्टर नको, एक्स्टेन्शन नको, आणि दोन तासांच्या वर नको. पहिल्या दिवशी अर्ध्या तासानं स्विच बंद करून प्लग काढा आणि पिनांना बोट लावा. कोमट लागल्या तर चालतं. पाच सेकंदही बोट ठेवता येत नसेल तर तेही सॉकेट आतून गेलेलं आहे, मग ऑफिसात किंवा जवळच्या चार्जिंग स्टेशनला भरून आणा आणि वायरमनला बोलावल्यावर ते सॉकेटही बदलायला सांगा.